आठव्या महिन्यातली बाटली

अन्याय झाला माझ्या वहिनीवर. आठवा महिना, दुसरी तपासणी, सोमवारची सकाळ. तो केला आम्ही घरच्यांनी, आणि त्यातला माझा वाटा, गरोदर बायांच्या तपासणीसाठी मी काढते त्या एकाही पत्रकात, आजवर छापलेला नाही.

लोणावळ्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी चौथ्या महिन्यातच बजावलं होतं: सातव्यापर्यंत महिन्याला एकदा यायचं, मग पंधरवड्याला, नववा लागला की दर आठवड्याला. त्या दिवशी त्यांनी वहिनीची पापणी ओढून रक्त कमी आहे का पाहिलं, कमरेची हाडं मापली, लघवी तपासली, दंडाला पट्टा बांधून दाब घेतला. पुढं दर खेपेला पोट किती वर चढलं ते चाचपायच्या, पायाची सूज दाबून बघायच्या. सहाव्यात लाकडी नळीनं बाळाचे ठोके ऐकले. शेवटी डोकं खाली वळलंय का, तेही बघणार होत्या.

सातव्यात ओटी भरली आणि आईनं वहिनीला मळवलीच्या घराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही.

"ठेसनावर लय नजरा असत्यात. मुताची बाटलीच बघायची न्हवं? पोरगी शाळेला जातीयाच की लोणावळ्याला!" पोरगी म्हणजे मी; वहिनीच्या लघवीची बाटली माझ्या दप्तरात आली.

तपासण्या दाट व्हायच्या, नेमकं तेव्हाच आम्ही माणूस नेणं बंद केलं.

पहिल्या बाटलीलाच नर्सबाई कडाडल्या, "बाटलीचा दाब घेऊ का गं? तिचे पाय कुठायत? बाईला आण!" आई म्हणाली, "त्यांचं काय जातंय सांगायला!"

दुसऱ्या खेपेला गाडीत मैत्रिणींना दप्तरात बाटली दिसली. "काढा आणलास का गं म्हातारे?" हशा झाला. लाजेनं मी ती स्टेशनाबाहेर गटारात ओतली. रिकामी कशी न्यायची? दवाखान्यामागं जाऊन माझ्याच लघवीनं भरली.

नर्सबाईंनी काचेच्या नळीत लघवी तापवली, वर आम्लाचे थेंब टाकले. दोष असता तर पांढरं गढुळलं असतं. नितळ राहिलं.

"हे बरं आहे. पण दाब बघायचाय, तिला आण."

घरी मी पहिलं वाक्य तेवढं सांगितलं.

वहिनीच्या मनगटात बांगड्या रुतल्या होत्या. "वन्सं, डोकं फुटतंय, डोळ्यांम्होरं काजवं नाचत्यात," ती म्हणायची. आई म्हणायची, "दवाखान्यानं बरं सांगितलंय की!"

गुरुवारी दुपारी झटके आले. आधी अंगारा शोधला, मग बैलगाडी. दवाखान्यात नर्सबाईंनी मला विचारलं, "सोमवारची लघवी हिचीच होती ना?"

"हो," मी म्हणाले.

संध्याकाळी वहिनी गेली. बाळही.

भरल्या सभेत बोलताना मधेच ती नितळ नळी डोळ्यांपुढं येते, आणि माझी वाक्यं तुटतात. लोकांना वाटतं, मी संतापलेय.

तुमच्या घरात सातवा लागलेली कुणी असेल, तर नजरेचं कारण मला सांगू नका. याच पंधरवड्यात तिला स्वतःला तपासणीला न्या, आणि दंडाला पट्टा बांधून दाब घेतल्याखेरीज तिथून हलू नका.