तीन मिनिटांचा परिचय

आमच्या सेवा क्लबच्या सचिवांचा फोन आला तेव्हा मी दूधविनायकच्या गल्लीत भाजी घेत होते. ते म्हणाले, "मैडम, पदग्रहण में नई अध्यक्षा का परिचय आप कराएँगी." मी हातातली वांगी परत टोपलीत ठेवली. विद्यापीठाच्या ग्रंथालयात तीस वर्षं मी लोकांना हळू बोला असं सांगत आले. माइकसमोर मोठ्यानं बोलायचं काम माझ्यावर कधी आलंच नव्हतं. तरी तोंडातून "हो" निघून गेलं, कारण नवी अध्यक्षा माझी मैत्रीण होती.

ती मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. क्लबच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एक बाई अध्यक्ष होणार होती, आणि हे सगळ्यांना सांगायचं काम माझं होतं. त्या दिवशी भाजी न घेताच मी घरी आले.

सचिवांनी नियम समजावून सांगितले. वेळ तीन मिनिटं. सुरुवातीला मावळत्या अध्यक्षांचे आभार, तेही एकाच वाक्यात, कारण त्यांचा सत्कार पुढे वेगळा होणार होता. मग परिचय. नाव अगदी शेवटी, म्हणजे ते ऐकताच सभागृह उभं राहून टाळ्या वाजवील. आणि शपथ होईपर्यंत तिला अध्यक्ष म्हणायचं नाही, 'निर्वाचित अध्यक्ष' म्हणायचं. शपथ क्लबच्या वरच्या मंडळाकडून आलेले पाहुणे अधिकारी देणार, त्यांच्या आधी आपण तिला पदावर बसवायचं नाही.

मी तिच्याकडून बायोडेटा मागवला आणि, क्लबात सगळं हिंदीतच चालतं म्हणून, हिंदीत दोन पानी भाषण लिहिलं. रविवारी दुपारी मुलीसमोर उभं राहून वाचलं. ती मोबाइलवर वेळ लावून बसली होती.

"आई, साडेसहा मिनट झाले. आणि हे तर पूरा बायोडेटाच आहे. जन्म, डिग्री, पुरस्कार. मावशी कशी आहे ते कुठेय?"

"ते सगळ्यांना माहीत आहे गं."

"कुणालाच माहीत नाहीये. तुला माहीत आहे."

मला राग आला. तरी कापून कापून मजकूर साडेतीन मिनिटांवर आणला. पदव्या मात्र सोडवेनात.

मावळत्या अध्यक्षांसाठी एक वाक्य शोधणं त्याहून अवघड गेलं. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, फार कमी बोलणारे गृहस्थ. 'कुशल नेतृत्व', 'अमूल्य योगदान' असं लिहून पाहिलं. ते कुणाच्याही नावापुढे चाललं असतं. मग वर्षभराच्या सभा आठवत बसले. प्रत्येक सभा त्यांनी घड्याळाच्या ठोक्याला सुरू केली होती. आणि सभा संपल्यावर आम्ही जिन्यात गप्पा मारत असायचो, तेव्हा आतून खुर्च्या सरकवल्याचा आवाज यायचा. ते एकटे खुर्च्या भिंतीला लावत असायचे. माझं वाक्य मला मिळालं.

समारंभाच्या संध्याकाळी हॉटेलचं सभागृह गच्च भरलं होतं. एसी चालू असूनही मी पदरानं वारा घेत होते. व्यासपीठावर मधोमध मावळते अध्यक्ष बसले होते. त्यांच्या गळ्यात अध्यक्षपदाची कॉलर होती, म्हणजे रुंद रेशमी पट्टा. त्यावर आधीच्या सगळ्या अध्यक्षांची नावं छोट्या पितळी पट्ट्यांवर कोरलेली. शेजारी पाहुणे अधिकारी, आणि पलीकडे माझी मैत्रीण, मोरपिशी बनारसी नेसून, ताठ बसलेली. मावळत्या अध्यक्षांनी लाकडी हातोडा आपटून सभा सुरू केली. दीपप्रज्वलन झालं, सचिवांनी वर्षाचा अहवाल वाचला. त्यानंतर माझी पाळी.

सूत्रसंचालक उत्साही माणूस होता. मला बोलावण्याआधी त्यानं खिशातून एक कागद काढला आणि वाचायला सुरुवात केली. तिचा जन्म, तिच्या पदव्या, शाळेतली वर्षं, पुरस्कार. तोच बायोडेटा! तिनं सचिवांनाही पाठवला होता, आणि सचिवांनी तो त्याच्या हाती दिला होता. माझ्या भाषणातला एकेक शब्द तो मोठ्या झोकात बोलून गेला आणि मग म्हणाला, "अब विस्तृत परिचय के लिए आमंत्रित हैं..."

विस्तृत! उरलं काय होतं? माइकपर्यंतच्या आठ-दहा पावलांत मी कागद दोनदा चाळून पाहिला. कागद उलटा करून स्टँडवर ठेवला. पहिलं वाक्य तेवढं पाठ होतं.

"जिन्होंने साल भर हर सभा समय पर शुरू की, और हर सभा के बाद सबके जाने पर कुर्सियाँ ख़ुद उठाईं, उन अध्यक्ष जी को हम सबका धन्यवाद."

मग टाळ्या. मावळत्या अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि दोन्ही हात जोडले. त्यांच्या बायको पहिल्या रांगेतून मोठ्यानं म्हणाल्या, "घर पर तो एक नहीं उठाते!" सगळं सभागृह हसलं, आणि माझी भीती कुठल्या कुठे गेली.

मग मी फक्त एक सकाळ सांगितली. नावाड्यांसाठी आम्ही नेत्रतपासणी ठेवली होती आणि कुणीच आलं नव्हतं. सकाळच्या फेऱ्या सोडून कोण येणार? दुसऱ्या दिवशी उजाडताच ही बाई डोळे तपासायचा तक्ता घेऊन राजा घाटावर हजर. टेप धरायला मी. तिनं एका पायरीवर सहा मीटर मोजले, एका वल्ह्याला तक्ता टांगला. अक्षरं न वाचणाऱ्यांसाठी त्यावर तीन दात्यांचा फणीसारखा आकार होता. दाते कुठल्या बाजूला ते हातानं दाखवायचं. एक म्हातारे नावाडी काही केल्या येईनात. म्हणाले, घाट मला कानानं ओळखता येतो, डोळे कशाला? ती वाद घालत बसली नाही. त्यांच्या नावेत जाऊन बसली, म्हणाली, "दादा, पहले घुमा लाइए." दशाश्वमेधापर्यंत जाऊन आल्यावर ते आपणहून तक्त्यासमोर उभे राहिले. त्यांच्या मागे रांग लागली. त्या दिवशी शाळेत पोचायला तिला उशीर झाला आणि मुख्याध्यापिकेची बोलणी खावी लागली, हेही मी सांगून टाकलं.

"बुलाने पर कोई न आए, तो ये ख़ुद चली जाती हैं," मी म्हणाले. "हमारी निर्वाचित अध्यक्ष..." आणि तिचं नाव घेतलं.

खुर्च्या मागे सरकल्या, लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात! सभागृहाच्या मागून मुलगी तीन बोटं दाखवत होती.

ती उठली, उजवा हात पुढे धरून पाहुण्यांमागून शपथ म्हणाली. मावळत्या अध्यक्षांनी गळ्यातली कॉलर उतरवून तिच्या गळ्यात घातली. अंबाड्यात अडकली, तेव्हा तिनं मान खाली केली. त्यांनी हातोडा तिच्या हाती दिला. तिनं त्यांच्या कोटावर माजी अध्यक्षांची पिन लावली. आता तिला अध्यक्ष म्हणायला हरकत नव्हती. मी जागेवरूनच मराठीत ओरडले, "अभिनंदन, अध्यक्षबाई!" आजूबाजूचे वळून बघायला लागले.

जेवताना ती ताट घेऊन माझ्याजवळ आली.

"मुख्याध्यापिका तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या," ती म्हणाली.

मी हातातला घास परत ताटात ठेवला. "काय म्हणाल्या?"

"पुढच्या वेळी मलाही सकाळी घाटावर न्या, म्हणाल्या."