दाट टाक्यांची बंडी

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत आमचे हे परळच्या एका गिरणीच्या फाटकावर रात्रपाळीचे वॉचमन होते. थंडीत उभं राहून त्यांचा खोकला वाढला. आणखी दोन खाडे झाले असते तर जमादार दुसरा माणूस ठेवणार होता.

स्वेटर परवडत नव्हता. मी जुन्या लुगड्याच्या घड्यांत कापूस घालून खाकी डगल्याच्या आत घालायला बंडी शिवली. गोधडीला माझा हात चांगला, म्हणून बोटाबोटावर टाके घातले. तरी हे सकाळी कुडकुडतच घरी आले.

चाळीतली मालवणी म्हातारी त्याच फाटकापाशी रात्रभर उकडलेली अंडी विकायची. सकाळी परतताना आमच्या दारात थांबून तिने बंडी चाचपली आणि ती हसली.

"गो बाये, ह्यो पापड केलंस काय? कापूस दाबून टाकलंस, ऊब रवाक जागा खंय? माका बघ."

तिच्या अंगात दोन सैल झंपर आणि वर नवऱ्याचा ढगळ शर्ट होता.

माझे ते सुरेख टाके मी दिवसभर बसून उसवले. कापूस हाताने पिंजून पुन्हा भरला आणि चार-चार बोटांवर एकेक रांग घातली. खोकला काही गेला नाही, पण त्या हिवाळ्यात पुन्हा खाडा झाला नाही.