अदबीने केलेला पाणउतारा

‘अपमान’ हा शब्द न वापरता अपमान लेखी कसा मांडावा, या प्रश्नाचे उत्तर मला लखनौच्या आमच्या कार्यालयात शोधावे लागले.

शाळेतली नोकरी सोडून मी एका विमा कंपनीत नव्या कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण वर्ग घेऊ लागले होते. माझ्याच पदावरचे एक सहकारी वर्ग चालू असताना मला मध्येच थांबवीत.

“मास्टरनी साहिबा, आप ज़हमत न करें. यह आपका स्कूल थोड़े ही है!”

‘तुम्ही तसदी घेऊ नका’ असे अदबीने म्हणत ते उरलेला वर्ग स्वतः घेत आणि सगळे हसत. मी त्यांना एकटे गाठून हे थांबवायला सांगितले, तर म्हणाले, “अरे, आप तो बुरा मान गईं! मज़ाक था.” हळूहळू माझे वर्ग त्यांच्याकडे जाऊ लागले. असेच चालले असते, तर वार्षिक मूल्यमापनात दाखवायला माझ्याकडे कामच उरले नसते.

इंदिरा नगरच्या घरी बसून मी तक्रार लिहिली. त्यात उद्धट, मत्सरी, असंस्कृत असे सगळे काही होते. मुलगी वाचून म्हणाली, “मम्मी, यह तो निबंध है.” मी तिला गप्प केले आणि तोच कागद मनुष्यबळ विभागातल्या अधिकारी बाईंकडे नेला.

त्यांनी तो शांतपणे वाचला. “मैडम, आप ‘बदतमीज़’ लिखेंगी, वे कहेंगे, मैंने तो हमेशा ‘आप’ कहा. और सच कहेंगे. क्या बोले, किसके सामने, फिर काम का क्या हुआ, बस वही लिखिए.”

या शहरात माणसाला खाली बसवतात तेही खुर्ची पुढे करून, हे मी लक्षातच घेतले नव्हते.

दुसऱ्या मसुद्यात मी प्रत्येक प्रसंगाची तारीख, त्यांचे हिंदी शब्द जसेच्या तसे, हजर असलेल्यांची नावे आणि त्यानंतर वर्ग कोणी पूर्ण केला, एवढेच लिहिले. मी त्यांच्याशी बोलले होते, हेही नोंदवले. ऐकीव गोष्टी गाळल्या. शेवटी मागणी केली, की हे बोलणे थांबावे आणि वर्गांची वाटणी लेखी व्हावी.

तक्रारीची पोच मिळाली. बाईंनी त्या गृहस्थांचे म्हणणे ऐकून घेतले आणि हजर असलेल्यांना वेगवेगळे बोलावले. त्यांच्यातल्या एकाने नंतर जिन्यात मला सांगितले, “हमने कह दिया, हाँ, कहा था. और हम भी हँसे थे. माफ़ कीजिएगा.”

काही आठवड्यांनी मला कळवण्यात आले, की तक्रारीत तथ्य आढळले असून कारवाई झाली आहे. तिचा तपशील गोपनीय राहील. वर्गांचे वेळापत्रक विभागप्रमुखांच्या सहीने आले आणि माझे वर्ग माझ्याकडे परतले. ते गृहस्थ आजही तितक्याच अदबीने नमस्कार करतात. आता मात्र माझा वर्ग संपेपर्यंत आत येत नाहीत.

अशी तक्रार तुम्ही लिहिली असेल, तर तिच्यातली विशेषणे खोडून उरलेला मजकूर वाचा. तेवढ्यावरून अनोळखी माणसाला काय घडले ते कळते का, हे कृपया तुम्ही स्वतः तपासून पाहा.