बाटली नव्हे, कप

पालकांच्या ग्रुपवर सकाळीच एक फोटो फिरला: ढाणकीच्या शाळेतल्या निलोफर आणि खुशी, हातात दारूची बाटली. मुख्याध्यापिका अकीला मॅडमनी तो लगेच ओळखला. पोरी कबड्डी जिंकल्या त्या दिवशी मॅडमनीच काढलेला. तेव्हा हातात कप होता.

मॅडमनी पोलिसांत तक्रार दिल्याचं कळताच शाळा समितीचे वामनराव म्हणाले, "मॅडम, कायले बोभाटा करता? पोरींचंच नाव खराब होईन."

"पोरींनी कायले तोंड लपवावं?" मॅडम कडाडल्या आणि त्यांनी ग्रुपवर नोटीस टाकली:

"फोटो बनावट आहे. पुढे पाठवू नका. तुम्हाला कोणाकडून आला, ते शाळेला कळवा; पोलिसांत तक्रार दिली आहे. शंका असेल त्यांनी कार्यालयात येऊन मूळ फोटोशी ताडून पाहावा. कपही तिथंच आहे. हातात घेऊन पाहा. सांभाळून, जड आहे."