बेवारस चिठ्ठ्या

तेव्हा वाशीम जिल्हा झालेला नव्हता. साहेब लोक अकोल्याहून यायचे, आणि ते येणार म्हटलं की आमच्या कार्यालयात धूळ झटकली जायची. मोठा दुष्काळ होऊन गेल्यावर गावोगाव पाण्याच्या हापशा बसल्या होत्या. त्या मोडल्या की तक्रार घ्यायला खिडकीत मी बसायची. अख्ख्या कार्यालयात बाई मी एकटीच.

पद्धत सोपी होती. तक्रार आली की चिठ्ठी लिहायची: गाव, कोणती हापशी, काय बिघडलं, तारीख. नंबर रजिस्टरात चढवायचा आणि चिठ्ठी मिस्त्रीकडे द्यायची. हापशी चालू झाली की तो गावातल्या कोणाची तरी सही नाहीतर अंगठा घेऊन चिठ्ठी परत आणायचा. मग शेवटच्या रकान्यात ‘दुरुस्त’ लिहायचं.

एकदा तपासणीआधी रजिस्टर आणि चिठ्ठ्या ताडून बघायचं ठरलं. हेडक्लार्क, म्हणजे आमचे बडे बाबू, म्हणाले, “बाई, तुमीच करा. तुमची घरी कोन वाट पाहून राह्यलं?”

खरंच होतं, म्हणून जास्त लागलं. माझी खोली एका मुसलमान शिंप्याच्या घरात होती. ती माणसं चांगली, कधी काही विचारायची नाहीत. कार्यालयात मात्र मी डबासुद्धा वेगळा खायची. एकत्र बसलं की घरचं विचारतात. माझ्या आडनावावरून काही कळत नसे, आणि आम्ही बौद्ध आहोत हे मी आपण होऊन सांगितलं नव्हतं.

मी तीन याद्या केल्या. पहिली, रिकाम्या रकान्यांची. दुसरी, चुकीच्या शेऱ्यांची: ‘दुरुस्त’ लिहिलंय पण चिठ्ठीवर सही ना अंगठा, किंवा ‘मिस्त्रीकडे’ लिहिलंय आणि तो मिस्त्री बदलून जाऊन वर्ष झालंय. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असा सगळा कारभार. तिसरी यादी रजिस्टरात जागाच नसलेल्या चिठ्ठ्यांची. त्यांना मी बेवारस म्हणायची.

बडे बाबूंच्या खणात मागच्या बाजूला अशा तीन चिठ्ठ्या सापडल्या, तिन्ही केनवडच्या पुढच्या एकाच गावच्या. मी रजेवर असताना त्यांनीच घेतलेल्या. विचारलं तर म्हणाले, “त्या गावची हापशी रजिस्टरात ‘दुरुस्त’ हाय. मंग पुन्हा कायले चढवू?”

मूळ चिठ्ठीवरचा अंगठा तेवढा मी पाहिला होता. माझ्या हिशोबी ती नोंद चोख. मग लोक तीनदा का आले? माझा स्वभाव चिकित्सक. दुसऱ्या दिवशी एसटीनं गेले.

चावडीजवळची हापशी झकास चालत होती. पण थोडं बाजूला, रिकामी घागर घेऊन एक म्हातारी उभी होती. मी विचारलं, “हापशी चालू आहे ना? मग तक्रार कसली?”

“हे तं त्यायची व्हय, बाई. आमची नाल्यापल्याड हाय. आठ महिने झाले, दांडा तुटला. इथं कोनी ओतलं तं भेटते, नाही तं उभं राह्यचं.”

गावात हापशा दोन होत्या. मिस्त्री पहिली लागली तीच ठीक करून, अंगठा घेऊन परतला होता. चिठ्ठीवर कोणती ते लिहिलेलंच नसणार.

परत येऊन मूळ चिठ्ठी काढली. ‘कोणती हापशी’ हा रकाना कोरा, आणि चिठ्ठीवरचं अक्षर माझं. ती म्हातारी खिडकीत आलेली आठवली. “बौद्धपुऱ्यातली हापशी,” ती म्हणाली होती, आणि मग वाकून, माझ्याकडे निरखून, “माय, तू आपल्यातली व्हय ना?” मागच्या टेबलावर बडे बाबू बसलेले. मी “पुढं कोण आहे?” म्हणून तिला हटवलं. त्या घाईत रकाना राहिला. घाई कसली, भीती म्हणा.

पहिल्या यादीत मी ती चिठ्ठी घातली आणि कोणी लिहिली त्यापुढे माझं नाव लिहिलं. बडे बाबू म्हणाले, “आता भरून टाका ना रकाना, कोनाले समजते?” मी नाही म्हणाले. ‘दुरुस्त’ खोडून सही केली. नवी चिठ्ठी फाडली, ‘बौद्धपुरा, नाल्यापलीकडची’ असं ठळक लिहिलं आणि खाली तिन्ही बेवारस चिठ्ठ्यांचे नंबर जोडले. बडे बाबूंनी ते वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

आठवड्यानं चिठ्ठी अंगठ्यासह परत आली. तरी शेरा मारण्याआधी मी स्वतः गेले. म्हातारी नव्या दांड्यावर घागर भरत होती. मी जवळ जाऊन म्हटलं, “आजी, तुम्ही खिडकीत मला विचारलं होतं ना, मी आपल्यातली का म्हणून? आहे मी. आपल्यातलीच आहे.”

तिनं डोळे बारीक करून पाहिलं. “मी इचारलं? कवा वं? मले तं काई याद नाही, माय.” घागर भरली होती. “जरा डोक्यावर दे बरं उचलून.”