अडतीस चादरी आणि खरा शेवटचा दिवस

दुकानदार माल संपत आला म्हणतो तेव्हा उरलेला माल मागच्या खोलीत दडवलेला असतो, असा माझा अनुभव. मी मलकापुरात राहते आणि दुकानांच्या जाहिराती करते. फोनवर बोटानं एकेक चित्र पुढं सरकवत बघायची, तसल्या. त्यामुळं माधवनगरच्या एका म्हाताऱ्या चादरवाल्यानं फोनवर सांगितलं की दुकान बंद करतोय, डबल चादरी चाळीसच उरल्यात, तेव्हा मी मनात म्हटलं, बघूया.

स्वतः गेले. त्यांना एकेक गठ्ठा सोडायला लावला आणि मोजलं. अडतीस भरल्या. त्यांनी पुन्हा मोजल्या, मग आठवून ओशाळले. दोन चादरी बायकोनं घरी नेल्या होत्या. तरी माझं समाधान झालं नाही. मागच्या खोलीचं दार उघडून बघितलं. आत रिकामी खोकी आणि एक मोडकी सायकल होती.

जाहिरातीचा माझा साचा तयार होता. लाल पट्टी, उलटं पळणारं घड्याळ, ‘त्वरा करा’, फुगवून खोडलेली जुनी किंमत. त्यांनी सगळं काढायला लावलं.

“घाई कशाला लावायची लोकास्नी? माल किती हाय आन कवा संपतंय, एवढं सांगा. ज्याला लागंल त्यो यील.”

मग पहिल्या चित्रावर लिहिलं, दुकान बंद होतंय, सेल रविवारी संध्याकाळी आठपर्यंत, खाली तारीख. दुसऱ्यावर, डबल चादरी अडतीस, गुरुवारी संध्याकाळी मोजलेल्या. मग सिंगल चादरी, मग टॉवेल, तसेच मोजून. शेवटच्या चित्रावर, उरलेला माल सोमवारी सकाळी मिरजेच्या व्यापाऱ्याकडं जाईल, मुदत वाढणार नाही. एकदा टाकलेलं चित्र बदलता येत नाही, म्हणून मोजल्याचा वार चित्रावरच घातला आणि रोज दुकान बंद झालं की खालच्या मजकुरात नवा आकडा लिहायचं ठरलं. शनिवारी टॉवेल संपले, तेव्हा ते चित्रच काढून टाकलं.

त्याच दिवशी मी त्यांना म्हटलं, एक आठवडा वाढवा, अजून गिऱ्हाईक येईल. ते म्हणाले, मग आधीचं खोटं ठरंल की. मला वाटलं, रविवारी बघू हा माणूस काय करतो. रविवारी अकरा चादरी शिल्लक असताना त्यांनी आठला शटर ओढलं.

सोमवारी पोस्टवर ‘सेल संपला’ असं लिहून मी दुकानाच्या पाटीचा एक फोटो काढायला दुपारी तिथं गेले. माल सकाळीच गेला होता. तेवढ्यात म्हसवडकडची एक बाई आली, पन्नाशीची, दोन एसट्या बदलून. मुलीचं लग्न होतं, आहेराला दहा चादरी हव्या होत्या. हातातल्या फोनवर आमचंच पहिलं चित्र होतं.

म्हाताऱ्यांनी सांगितलं, माल गेला. तिला वाटलं, भाव वाढवतायत.

“आवं, कालचाच भाव लावा. एका दिसानं काय हुतंय?”

“माझ्याकडं आसत्या तर दिल्या आसत्या, ताई.” त्यांनी तिला मिरजेच्या व्यापाऱ्याचा नंबर लिहून दिला आणि त्याचा भाव वेगळा असेल, जाण्याआधी विचारून घ्या, असंही बजावलं.

तिनं चिठ्ठी घेतली, पण तोंडावरचा संशय हलला नाही. माझ्याकडं वळून तिनं फोनवर दुसरी जाहिरात काढली, मलकापूरच्या एका साडीच्या दुकानाची.

“ह्ये बगा. दिवाळीपास्नं ह्यांचं शेवटचं दोनच दिवस चालल्यात. मग तुमचा शेवटचा दिवस खरा हाय, ह्ये आमाला कसं कळावं?”

चित्राच्या खालच्या कोपऱ्यात माझी बारीक खूण होती. तेच चित्र मी दर शुक्रवारी पुन्हा टाकत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चादरवाल्याची मागची खोली मी उघडून बघितली होती, आणि साडीवाल्याला कधी तारीखसुद्धा विचारली नव्हती.

मी म्हटलं, “ह्या चादरींची जाहिरात मी केलीय. तुमच्या हातातली ती दुसरीपण माझीच.”

तिनं फोन पिशवीत टाकला, सरळ दुकानात शिरली आणि मागच्या खोलीचं दार ढकललं. म्हाताऱ्यांनी अडवलं नाही, उलट आतला दिवा लावून दिला.

ती बाहेर आली तेव्हा चेहरा उतरला होता. “खरंच न्हाई की वो,” ती म्हणाली. मग तिनं मला मिरजेची बस कुठं मिळते ते विचारलं. मी सांगितलं, तर तिनं तेच म्हाताऱ्यांना पुन्हा विचारून घेतलं.