जुन्या टोप्यांचं मोल

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत मी आगीच्या विम्याचा एजंट होतो. नगरला एक खोली होती आणि तिच्यात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. आठवड्यातले चार दिवस तालुक्याच्या गावांतून हिंडायचं, दुकानदारांना त्यांच्या दुकानाला आग कशी लागू शकते ते गोड शब्दांत सांगायचं, असा माझा धंदा. असल्या माणसाला कोण बसवून घेणार? मी दिसलो की लोक हिशेबात मान घालायचे.

नेवाशाचे एक टोपीवाले चाचा मात्र बसवून घ्यायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. ते मला गादीवर जागा देत, चहा मागवत आणि मग आम्ही दोघं रस्त्याकडे बघत बसायचो. बोलायला फारसं काही नसायचं. तरी मी नेवाशाच्या दिवसाची आठवडाभर वाट बघायचो, हे आज कबूल करायला लाज वाटत नाही.

त्यांच्या दुकानात अर्धा माल रोजच्या विक्रीच्या टोप्यांचा होता आणि अर्धा जरीच्या मखमली टोप्यांचा. त्या महागड्या, पूर्वी लग्नात खपत. पुढे जो तो खादीची पांढरी टोपी घालू लागला आणि जरीकडे कुणी बघेना. चाचा दर शुक्रवारी नमाजाआधी एकेक टोपी काढून मऊ फडक्यानं पुसत, पुन्हा कागदात गुंडाळत. "सांभाळलेला माल जुना हुत न्हाई," म्हणत. दिवाळीला मालाची मोजदाद करताना त्या टोप्यांना खरेदीचाच भाव लावत.

विम्याच्या कागदावर सही करण्याआधी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "समजा जळालं, तर ह्या सगळ्याच्या जागी नवा माल येईल ना?"

मी म्हणालो, "येईल की."

मला नियम पाठ होता. पण समजावत बसलो तर ते सही पुढे ढकलतील, ही भीती होती. शिवाय त्या टोप्यांना आता मोल नाही हे त्यांच्या तोंडावर सांगायचं माझ्या जिवावर आलं. दोन्ही कारणं खरी आहेत. पहिलं जरा जास्त खरं आहे.

वर्षाच्या आत शेजारच्या तेलाच्या दुकानाला आग लागली आणि चाचांचं दुकानही गेलं. कंपनीनं पुण्याहून नुकसान तपासणारा साहेब पाठवला. तो यायच्या आधी मला चाचांना सगळं सांगणं भाग होतं. त्यांनी वाचवलेल्या एका लाकडी पेटीवर आम्ही दोघं बसलो.

"चाचा, घोडेगावच्या बाजारात म्हाताऱ्या बैलाला काय येतं?"

"म्हाताऱ्याचं येईल तेवढंच."

"तो मेला आणि कुणी भरपाई दिली, तर त्या दिवशी बाजारात त्याचं जे मोल होतं तेवढीच मिळेल. त्याच्या जागी तरणा बैल घ्यायला लागतात तेवढे पैसे नाहीत. तुमचा विमा असा आहे. आगीच्या आधी मालाचं जे मोल होतं, तेवढं भरून द्यायचं. रोजच्या टोप्या आज महाग झाल्यात, त्यांना आजचा घाऊक भाव मिळेल, तुमची खरेदी स्वस्त असली तरी. पण जरीच्या टोप्यांना..."

"आन् जुन्याला नवं देनारा इमा?"

"तो निराळा. कुणी केलाच तर इमारतीचा, यंत्राचा करतात. दुकानातल्या मालाचा आमची कंपनी करत नाही."

एवढं लगेच समजलं होतं त्यांना.

साहेब आला. राख उकरून अर्धवट जळालेल्या जरीच्या टोप्या बघितल्या आणि विचारलं, "या टोप्या शेवटच्या कधी विकल्या?" मी मनात म्हणत होतो, चाचा, सांगा मागच्या लग्नसराईत. कोण विचारायला येणार आहे?

"तीन वर्सं कुनी हात लावला न्हाई," चाचा म्हणाले.

विमा होता त्याच्या निम्म्याहून कमी रक्कम आली. तेवढ्यात दुकान पुन्हा भरणार नव्हतं. पैशांची पावती करून मी निघालो, तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमाला सही घेताना ठावं हुतं?"

"हो."

"मंग त्याच दिशी सांगायचं. जरीच्या टोप्या मिळेल त्या भावानं काडल्या असत्या, रोजचा माल भरला असता."

आवाजात राग नव्हता. रागावले असते तर मला काहीतरी बोलता आलं असतं. त्यानंतर मी त्यांच्याकडे कधीच गेलो नाही. त्यांनी येऊ नका असं म्हटलं नव्हतं.